नाही, नको, नये : पाटीचं इंग्रजी करताना कुठला 'नो' कुठे?

माडाखालची
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला आमचं जुनं घर आहे, माडीवरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. जिन्याजवळ सासूबाईंनी सांगितलेल्या आणि सासऱ्यांनी सुबक अक्षरात लिहिलेल्या सूचनांची पाटी आहे. आतापर्यंत पुण्या-मुंबईची माणसं यायची, त्यामुळे अडत नव्हतं. यंदा मराठी न येणारे पाहुणे वाढले म्हणून भाच्याकडून पाटीचं इंग्रजी करून घेतलं आणि तिथेच घोळ झाला.

मूळ पाटी अशी :

१. माडाखाली गाडी उभी करू नये.
२. विहिरीत वाकून पाहू नये.
३. नाश्त्याला खाली यायला नको, खोलीत आणून देऊ.
४. जेवण आदल्या रात्री सांगावे, आयत्या वेळी मिळणार नाही.
५. जेवणात काही नको असेल तर आधी सांगावे.
६. पाणी वाया जाऊ नये म्हणून नळ नीट बंद करावा.
७. अंधार पडल्यावर समुद्रात जाऊ नका.

भाच्याने तिसऱ्या ओळीचं केलं, 'यू शुड नॉट कम डाउन फॉर ब्रेकफास्ट.' बंगळुरूचं एक जोडपं आलं होतं. सकाळी साडेनऊ वाजले तरी दोघं खोलीतून बाहेर येईनात. मी घावन घेऊन वर गेले तर ती मुलगी घाबरत घाबरत विचारते, आम्ही खाली उतरलो तर चालतं का? तिला वाटलं खाली सोवळंओवळं असेल! आमचा हेतू एवढाच होता की जिना उभा आहे, उगाच चढउतार नको.

पहिल्या ओळीचंही त्याने 'यू शुड नॉट पार्क' केलंय. तिथे मात्र लोक खुशाल माडाखाली गाडी लावतात. म्हणजे एकच 'शुड नॉट' एका ओळीत फार कडक झाला आणि दुसऱ्या ओळीत फार मऊ. हे कसं काय? आणि बाकीच्या ओळींत काय लिहू?

झटपट_मास्तर
सोपं आहे ताई, एवढा विचार करू नका. नाही म्हणजे नॉट, नको म्हणजे डोन्ट, नये म्हणजे शुड नॉट. मी क्लासमध्ये पोरांना हेच तीन खिळे ठोकून देतो. 'तो येत नाही' ही डज नॉट कम, 'येऊ नको' डोन्ट कम, 'येऊ नये' शुड नॉट कम. तुमच्या तिसऱ्या ओळीत नये नाहीच, नको आहे, म्हणून डोन्ट. 'डोन्ट कम डाउन फॉर ब्रेकफास्ट.' भाच्याने खिळा चुकीचा ठोकला, बाकी काही नाही.

माडाखालची
मास्तर, पण 'डोन्ट कम डाउन' वाचून ती मुलगी आणखी घाबरली असती की हो.

बापू_मिरजकर
विषय काढलात ते बरं झालं. हल्लीची मुलं नको हा शब्दच विसरली आहेत. आमचा नातू ताटावर बसून 'मला भाजी नाही पाहिजे' म्हणतो. अरे, नको म्हण ना! हिंदीतल्या 'नहीं चाहिए'चा हा परिणाम. आणि 'येऊ नकोस' मधला स तर कधीच गेला. आमच्या लहानपणी 'तू जाऊ नको' म्हटलं तर आई दुरुस्त करायची, नकोस म्हण. पाटीवर सासरेबुवांनी शेवटी 'जाऊ नका' लिहिलंय आणि वर 'करू नये', त्यात एकवाक्यता हवी होती. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.

माडाखालची
बापूकाका, मराठी पाटी बदलायची नाहीये, ती सासऱ्यांची आठवण आहे. प्रश्न इंग्रजीचा आहे.

खडूफळा
कराडच्या बाजूला मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे ही जखम ओळखीची आहे. झटपट मास्तरांचे तीन खिळे आठवीपर्यंत चालतात. पुढे त्यांना कपडे अडकून फाटतात.

तिसरी ओळ आधी घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. ही तीन वाक्यं एकाखाली एक लिहून मोठ्याने वाचा :

नाश्त्याला खाली येऊ नका.
नाश्त्याला खाली येऊ नये.
नाश्त्याला खाली यायला नको.

पहिलं वाक्य समोरच्याला थेट मनाई करतं. दुसरं नियम सांगतं. तिसऱ्यात मनाईच नाही, उलट सवलत आहे. शब्द नकोच आहे, पण पहिल्यात तो 'येऊ'ला चिकटलाय आणि तिसऱ्यात 'यायला'ला. सगळा फरक त्या क्रियापदाच्या शेपटात आहे. मास्तरांनी नुसता नको पाहिला, त्याच्या आधीचं रूप पाहिलं नाही.

मी मुलांना सांगायचो, नकार कळेना तर त्याचा होकार करून बघा. 'येऊ नका'चा होकार 'या'. 'येऊ नये'चा होकार 'यावं'. आणि 'यायला नको'चा होकार 'यायला हवं'. म्हणजे इथे आपण येण्याला नको म्हणत नाही, येण्याच्या सक्तीला नको म्हणतो. सक्ती उठली, आता येणं न येणं तुमच्या मर्जीवर.

आता इंग्रजीचा खड्डा बघा. शाळेत 'यायला हवं' म्हणजे 'मस्ट कम' असं शिकवलेलं असतं. मग मूल साहजिकच 'यायला नको'चं 'मस्ट नॉट कम' करतं. पण इंग्रजीत मस्टला नॉट लावला की सक्ती उठत नाही, उलट बंदीची सक्ती होते. सक्ती उठवायची तर 'हॅव टू' घ्यावं लागतं. 'यू डोन्ट हॅव टू कम डाउन.' किंवा 'यू नीडन्ट कम डाउन.' तुमच्या पाटीवर मी लिहीन, 'नो नीड टू कम डाउन फॉर ब्रेकफास्ट. वी विल ब्रिंग इट टू युअर रूम.' दुसरं वाक्य वगळू नका. मराठीतही 'खोलीत आणून देऊ' आहे म्हणूनच ते नको प्रेमळ वाटतं.

माडाखालची
सर, हे एकदम डोक्यात शिरलं. भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मला मराठीच कळलं नव्हतं, इंग्रजी नंतरची गोष्ट.

वऱ्हाडी_ठेचा
भाच्याला दोष देऊ नका. मी नागपूरचा. 'नाश्त्याला खाली यायला नको' ही पाटी मी वाचली असती तर मीही खोलीतच बसलो असतो. आमच्याकडे सवलत द्यायची तर सरळ 'यायची गरज नाही' म्हणतो. 'यायला नको' ऐकलं की मला वाटतं कोणीतरी म्हणतंय, बाबा, इथे नको येऊस.

आणि खडूफळा सर, तुमच्या होकाराच्या युक्तीला एक धक्का देतो. 'एवढं तिखट खायला नको.' याचा होकार काय, 'एवढं तिखट खायला हवं'? इथे सक्ती कुठे होती उठवायला? हे तर सरळ शुड नॉट आहे.

खडूफळा
बरोबर पकडलंत. पण तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. होकार केल्यावर वाक्य वेडगळ वाटलं, की समजायचं इथे सक्तीचा प्रश्नच नव्हता, हा सल्ला आहे. तिथे 'शुडन्ट'. होकार केल्यावर 'हो, अशी अपेक्षा असू शकते' असं वाटलं, तर नकार ती अपेक्षा उठवतोय. तिथे 'डोन्ट हॅव टू'. पाहुण्याला वाटू शकतं की नाश्त्याला खाली जायला हवं. एवढं तिखट खायला हवं असं कोणालाच वाटत नाही, अर्थात तुमच्याकडे सावजीच्या हॉटेलात वाटत असेल तर माहीत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
सावजीच्या ताटावर बसून 'खायला नको' म्हणणाऱ्याला आम्ही पुन्हा बोलावत नाही.

डब्लिनची_सून
दुसरा धक्का मी देते. माझ्याकडे कोणी पेढे घेऊन आलं की मी म्हणते, 'अहो, कशाला, आणायला नको होतं.' हा सल्ला आहे की सक्ती उठवणं? इथे आयर्लंडमध्ये शेजारीण अगदी त्याच सुरात 'ओ, यू शुडन्ट हॅव!' म्हणते. दोघींच्याही हातात तोवर खोका आलेला असतो.

खडूफळा
वा. इथे युक्ती थोडी लटपटते हे कबूल. एक सांगतो. नयेला भूतकाळ नाही. 'त्याने बोलू नये' म्हणता येतं, पण झालेल्या गोष्टीबद्दल 'बोलू नये होतं' असं प्रमाण मराठीत होत नाही. तिथे आपण नकोकडून उसनं घेतो, 'बोलायला नको होतं'. त्यामुळे भूतकाळात 'गरज नव्हती' आणि 'चूक केली' हे दोन्ही अर्थ एकाच घरात राहायला येतात. भांडणात म्हटलं तर चूक, पेढ्यांवर म्हटलं तर संकोच. इंग्रजीत भांडणाला 'यू शुडन्ट हॅव सेड दॅट', पेढ्यांना 'यू शुडन्ट हॅव' (पुढे काही नाही, नुसतं एवढंच), आणि खरोखर फुकट गेलेल्या कष्टाला 'यू नीडन्ट हॅव कम'. सूर ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही.

प्रश्नाचा सूर आणखी वेगळा. 'आधी सांगायला नको?' यात नको आहे, पण अर्थ आहे सांगायला हवं होतं. तिथे इंग्रजीत नॉट घालायचंच नाही. 'यू शुड हॅव टोल्ड मी.' वर्गात या वाक्यावर निम्मी मुलं दरवर्षी पडायची.

बापू_मिरजकर
'तू यायला नको होतास' की 'नको होतंस'? हे आधी ठरवा.

खडूफळा
बापूसाहेब, मी होतास म्हणतो. माझी बायको कोल्हापूरची, ती 'तू यायला नको होतं' म्हणते आणि शेवटी स लावतच नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून ठरलेलं नाही.

माडाखालची
आता पहिल्या दोन ओळी. 'गाडी उभी करू नये' यात नये आहे, मग शुड नॉट का चालत नाही?

कोर्टाची_पायरी
यावर मी लिहितो. माझं काम कागदपत्रांच्या भाषांतराचं आहे, त्यामुळे नये रोज भेटतो.

नये कोणाच्या तोंडून येतो त्यावर सगळं आहे. आजी म्हणाली, 'रात्री नखं काढू नयेत', तर तो रिवाज आहे, शुडन्ट ठीक. मित्र म्हणाला, 'त्याने असं वागू नये', तर ते मत आहे, शुडन्ट ठीक. पण भिंतीवरचा नये म्हणजे हुकूम असतो. मराठीत तो सौम्य वाटतो, कारण त्यात 'तुम्ही' नसतो. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, काहीच नाही, जणू नियम स्वतःच बोलतोय. अंगावर न येता कडक राहण्याची ती मराठीची रीत आहे. इंग्रजी शुडमध्ये तो कडकपणा उतरत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, बरं, सल्ला दिसतोय, पाळू जमलं तर. म्हणून तुमच्या माडाखाली गाड्या लागतात.

इंग्रजी पाटीवर माणूस नाहीसा करायची रीत वेगळी आहे. एक तर 'नो पार्किंग', किंवा 'डू नॉट पार्क'. पाटीवर हे उद्धट वाटत नाही, कारण तिथे तीच रूढ भाषा आहे. 'यू' काढून टाका म्हणजे झालं. 'यू शुड नॉट'मध्ये बोट दाखवणंही आहे आणि जोरही नाही, दोन्हीकडून नुकसान.

शिवाय कारण द्या. आपल्याला 'माडाखाली' म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. दिल्लीच्या माणसाला सावली दिसते, नारळ दिसत नाही.

माडाखालची
कारण लिहायचं सुचलंच नव्हतं. गेल्या मे महिन्यात एका गाडीच्या टपावर झावळी पडली, नशीब नारळ नव्हता. म्हणजे 'नो पार्किंग अंडर द कोकोनट पाम्स. नट्स अँड फ्राँड्स फॉल विदाउट वॉर्निंग.' बरोबर?

कोर्टाची_पायरी
उत्तम. विहिरीला 'डू नॉट लीन ओव्हर द वेल'. तिथे नो लीनिंग वगैरे नको.

झटपट_मास्तर
मग शॅल नॉट का नाही? सरकारी कागदात सगळीकडे शॅल नॉट असतं. ते सर्वात कडक.

कोर्टाची_पायरी
कडक आहे, पण ते कायद्याच्या घरचं आहे, जिन्याजवळ शोभणार नाही. आणि मास्तर, तुमच्या खिळ्यांसाठी एक मजेची गोष्ट. संविधानाचा अनुच्छेद १४ इंग्रजीत 'द स्टेट शॅल नॉट डिनाय' असा सुरू होतो. अधिकृत मराठीत तिथे नये नाही, नकोही नाही. 'राज्य ... समानता अथवा कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही' असं आहे. साधं 'णार नाही', जे रोजच्या बोलण्यात 'मी उद्या येणार नाही' मध्ये असतं. तेच रूप तिथे राज्याला बांधून ठेवतं. उलट दिशेने भाषांतर करणारा नवखा माणूस त्याचं 'विल नॉट डिनाय' करून मोकळा होईल आणि हुकमाचं आश्वासन होईल.

रोजच्या मराठीत शॅल नॉटच्या जवळ जाणारं म्हणाल तर 'कामा नये'. 'हे बाहेर कळता कामा नये.' तिथे शुडन्ट लिहिलं तर अर्थ गेलाच, 'मस्ट नॉट' लागतं.

एक सावधगिरी. काही पाट्यांवर 'गेस्ट्स मे नॉट' असं दिसतं. तेही टाळा. मे नॉटचा अर्थ 'परवानगी नाही' असाही होतो आणि 'कदाचित नाही' असाही.

म्हापशेकर
गोव्यातून एक भर. कोकणीत आमच्याकडे 'ना' म्हणजे तुमचं नाही, 'नाका' म्हणजे तुमचं नको, आणि 'न्हय' म्हणजे तुमचं नव्हे. आमचं न्हय ऐकून घाटावरची मंडळी नये समजतात. माझ्या दुकानात एकाने विचारलं, 'हे काजू गावठी का?' मी म्हटलं, 'न्हय.' तो म्हणाला, 'घेऊ नये म्हणता? प्रामाणिक माणूस आहात.' आणि गेला.

बापू_मिरजकर
नव्हे हा सुंदर शब्द मराठीतही मरत चालला आहे. 'हा डॉक्टर नव्हे, वकील' यातली ऐट 'डॉक्टर नाही'मध्ये नाही.

हैदराबादची_मावशी
आमच्याकडे दखनी बोलणारे सगळे 'नक्को' म्हणतात, तो मराठीतूनच आलेला. रिक्षावाल्याला 'नक्को' म्हटलं की तो पुढचा शब्द विचारत नाही. इंग्रजीत एवढा गोळीबंद शब्द कुठला?

डब्लिनची_सून
मावशी, नाही तसा शब्द, आणि त्यातच आमच्या सासूबाई सापडल्या. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारणीने चहा विचारला. सासूबाईंनी नकोचं शब्दशः केलं, 'आय डोन्ट वाँट.' शेजारणीचा चेहरा पडला. मराठीत 'नको' हा पाहुण्याचा नम्र शब्द आहे. पहिल्यांदा नको म्हणायचं, मग यजमानाने आग्रह करायचा, मग 'अर्धा कप चालेल'. 'वाँट'मध्ये मात्र माणूस आपली इच्छा दुसऱ्याच्या तोंडावर मारतो. मी त्यांना 'नो, थँक यू' शिकवलं, तर दुसरीच पंचाईत. शेजारणीने खरंच चहा दिला नाही! सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, 'एकदाच विचारलं गं तिने.'

पण मला विचारायचं आहे ते वेगळंच. त्यांना दवाखान्यात नेलं होतं. नर्सने विचारलं, 'यू डोन्ट टेक एनी टॅब्लेट्स फॉर ब्लड प्रेशर?' सासूबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, 'येस.' म्हणजे 'हो, घेत नाही.' नर्सने पुढे विचारलं, कुठल्या गोळ्या? मी शेजारी होते म्हणून निभावलं. हे का होतं आणि त्यांना काय शिकवू?

खडूफळा
ताई, हा या धाग्यातला सर्वात धोक्याचा नकार आहे. मराठीत 'तू जेवला नाहीस?' विचारलं तर आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो. आपला हो विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो, तुझं बरोबर आहे, असा. इंग्रजीत येस-नो विचारणाऱ्याकडे बघतच नाहीत, ते फक्त घडलं की नाही हे बघतात. जेवलो असेन तर येस, नसेन तर नो, प्रश्न कसाही विचारा. म्हणून आपला 'हो, नाही' इंग्रजीत 'नो, आय हॅवन्ट' होतो, दोन्ही पाय एकाच बाजूला.

वयाच्या या टप्प्यावर नियम शिकवू नका. त्यांना सांगा, दवाखान्यात नुसतं येस किंवा नो म्हणायचंच नाही, पूर्ण वाक्य म्हणायचं. 'आय डोन्ट टेक टॅब्लेट्स.' पुढे चुकून येस लागला तरी नर्स वाक्य ऐकून पुन्हा विचारेल.

डब्लिनची_सून
हे जमेल. मी गोळ्यांबद्दलची तीन वाक्यं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते. आग्रहाचं काय करायचं ते मात्र कळलेलं नाही. शेजारणीला मी सांगू का, की दुसऱ्यांदा विचारत जा?

वऱ्हाडी_ठेचा
सांगू नका. सासूबाईंना पहिल्या खेपेला 'येस, प्लीज' शिकवा. पोट भरेल.

हैदराबादची_मावशी
पण मग ती पाहुणी कसली!

माडाखालची
माझ्याकडे उलटं होतं. पाहुण्यांना चहा विचारला की तरुण मुलं 'आय ॲम गुड' म्हणतात. सासूबाई समजतात तब्येत चांगली आहे म्हणून सांगतोय, आणि कप भरतात. आता कळलं, तोच त्यांचा नको.

आणखी एक राहिलं. एका पाहुण्याने अभिप्रायात लिहिलं, 'द विंडो वोन्ट क्लोज.' भाचा म्हणाला, खिडकी बंद करणार नाही म्हणताहेत. म्हणजे कोण बंद करणार नाही?

खडूफळा
खिडकीच ती. आपण 'खिडकी लागेना' म्हणतो ना, तेच. 'दार उघडेना', 'गाडी सुरू होईना', 'पोरगं ऐकेना'. त्या '-एना', '-ईना'त वस्तूलाही हट्ट असतो, तसाच इंग्रजीत वोन्टला. कालची गोष्ट सांगायची तर 'वुडन्ट'. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये 'बाहेर येईनात' लिहिलंय, तिथेही हेच बसलं असतं, जर ते जोडपं हट्टाने बसलं असतं तर. बिचारी भीतीने बसली होती, म्हणून तिथे 'डिडन्ट'. खिडकीला मात्र सुतार बोलवा.

माडाखालची
बोलावलाय. आता चार, पाच, सहा. 'आयत्या वेळी मिळणार नाही' भाच्याने 'विल नॉट बी गिव्हन' केलंय. आणि पाचव्याचं 'इफ यू डोन्ट वाँट एनीथिंग, टेल अस बिफोर.'

कोर्टाची_पायरी
पाचवी ओळ वाचून पाहुणा म्हणेल, काहीच नको असेल तर आधी कशाला सांगू? 'काही नको असेल' मधला 'काही' म्हणजे एखादा पदार्थ. भाच्याच्या वाक्यात तो 'काहीही' झाला. इथे वाँट सोडून द्या. तुम्हाला विचारायचंय की काय खात नाही. 'इफ देअर इज एनीथिंग यू डोन्ट ईट, प्लीज टेल अस बिफोरहँड.' मासे, लसूण, शेंगदाणे, सगळं त्यात येतं.

चौथीत प्रश्न नकाराच्या मागच्या कारणाचा आहे. तुम्ही देणार नाही असं नाही, देता येणार नाही असं आहे. आयत्या वेळी बाजारातून मासळी कुठून आणणार? म्हणून विल नॉट नको, 'कॅनॉट' हवा. 'प्लीज ऑर्डर मील्स द नाइट बिफोर. वी कॅनॉट कुक ॲट शॉर्ट नोटिस.'

झटपट_मास्तर
सहावीतला नये मात्र माझा आहे. 'वॉटर शुड नॉट बी वेस्टेड, देअरफोर क्लोज द टॅप.' इथे तरी माझा खिळा चालतो.

कोर्टाची_पायरी
इथेही निसटतो, मास्तर. 'जाऊ नये म्हणून' यातला नये मनाई करत नाही, 'म्हणून'शी जोडी लावून हेतू सांगतो. 'पावसात भिजू नये म्हणून छत्री घेतली' याचं कोणी 'आय शुड नॉट गेट वेट, देअरफोर' करत नाही. 'सो दॅट आय वुडन्ट गेट वेट' होतं. पाटीवर तर नकारच काढून टाकता येतो. 'टु सेव्ह वॉटर, प्लीज टर्न ऑफ द टॅप्स फुली.' आणि नळाला क्लोज म्हणत नाहीत.

झटपट_मास्तर
बरं. पण 'एवढं साधं कळू नये?' यात तर शुड नॉट येतो ना?

खडूफळा
नाही हो! 'हाउ कॅन ही नॉट अंडरस्टँड समथिंग सो सिंपल?' नये आणि पुढे प्रश्नचिन्ह आलं की तो वैताग असतो. तुमचा दुसरा आणि तिसरा खिळा काढा, पहिला राहू द्या. नाहीला नॉट बहुतेक ठिकाणी चालतो.

म्हापशेकर
सातवी ओळ कोणी घेतलीच नाही. समुद्र आहे बाबांनो, तिथे नम्रपणा नको.

कोर्टाची_पायरी
बरोबर. सासऱ्यांनी वर सगळीकडे नये लिहिलं आणि तिथेच 'नका' लिहिलं, ते बापूसाहेबांना एकवाक्यतेचा दोष वाटलं. मला वाटतं ते मुद्दाम आहे. गाडीचं काही झालं तर पैशांवर भागतं. समुद्राबद्दल सांगताना ते नियमाआड न लपता समोरच्याशी थेट बोलले. तिथे 'डू नॉट गो इंटू द सी आफ्टर डार्क', प्लीजशिवाय.

बापू_मिरजकर
मुद्दाम की चूक हे त्यांनाच विचारायला हवं होतं.

माडाखालची
ते असते तर विचारलं असतं, काका. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं, मी काय सांगितलं ते आता आठवत नाही.

इंग्रजी पाटी आज रंगवायला टाकली. तिसऱ्या ओळीपुढे 'यू आर वेलकम टु कम डाउन इफ यू लाइक' एवढं मी माझ्या मनाने जोडलंय. जागा पुरली नाही म्हणून रंगारी कुरकुरतोय.

बापू_मिरजकर
डिसेंबरात सौ. आणि मी येऊ म्हणतो. गुडघे माझे ठीक आहेत, तिचे नाहीत. नाश्ता एक वर, एक खाली, असं जमेल काय?

माडाखालची
जमेल की. फक्त काही नको असेल तर आधी सांगा.

बापू_मिरजकर
मला काही नको नसतं.

डब्लिनची_सून
आता याचं इंग्रजी करा कोणीतरी.